महादेव परबाच्या तोंडचे चाळीस हजार

गोकुळदास नार्वेकराच्या बाराव्याला महादेव परबाने खीर तीन वेळा मागून घेतली. तिसऱ्यांदा वाढताना सुमंगलेला वाटले, नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र, दुःखातही पोट असतेच, जेवू दे. पान झाले, हात धुतले, आणि मग त्याने दारापुढच्या ओसरीत, बाल्कांवात बसून सुपारी कातरता कातरता जे सांगितले ते ऐकून तिला ती खीर त्याच्या घशातून बोटे घालून काढावीशी वाटली.

गोष्ट तिनेच काढली होती, आणि तीही किती मऊपणे. "भावोजी, बँकेचा माणूस येऊन गेला. ते चाळीस हजार दिवाळीपर्यंत जमतील काय?"

"खंयचे चाळीस हजार?" महादेव म्हणाला.

बाल्कांवात तेव्हा डिचोलीच्या बाजारातली दहा-पंधरा माणसे होती. दुकानाशेजारचा धान्यवाला पुंडलीक शेट तर महादेवाच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

"टिप्पर घेताना ह्यांनी दिलेले. पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी. माझ्यासमोर दिले."

"वहिनी, तुझी चूक नाय. घोव गेलो की बायलमाणसाक काय काय दिसता." महादेवाने सुपारी तोंडात टाकली आणि आवाज खाली आणला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली. "गोकुळदासान बँकेतसून पैसे काढले ते माका ठावक असा. पण ते खंय गेले ता मी मेलेल्या माणसाबद्दल बोलूचंय नाय. म्हापशाक त्येची फेरी खूप आसायची, इतक्याच सांगतंय."

तेवढ्यावर तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. मागे उरलेल्यांनी माना खाली घातल्या. पुंडलीक शेट रिकाम्या तबकात सुपारी शोधत राहिला.

आता खरी गोष्ट काय होती ती आधी सांगून टाकू, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच शंका खायला नको. गोकुळदासाचे झिजलेले टायर रिमोल्ड करायचे दुकान होते. खाणीचे मिनेर, म्हणजे लोहखनिज, वाहणारे ट्रक गुराने कडबा खावा तसे टायर खातात, त्यामुळे धंदा बरा चालायचा. टायरावर रबर चढवायचा दुसरा साचा घ्यायचा म्हणून त्याने दुकान तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले. तेवढ्यात कोरगावचा महादेव, शाळेपासूनचा दोस्त, रडत आला. टिप्परच्या पहिल्या भरण्याला पैसे कमी पडत होते. गोकुळदासाने साच्याचे पैसे उचलून त्याच्या हातात ठेवले, ते पंच्याऐंशी साल. व्याज नाही, कागद नाही. सुमंगलेने "एक सही तरी घ्या" म्हटले, तर नवरा म्हणाला, "सही घेतली तर तो दोस्त कसला?" म्हापशाला तो जायचा ते रबर आणायला, आणि परत येताना बायकोसाठी पोदेराकडचा गरम पाव घेऊन यायचा. ते सगळ्या बाजाराला ठाऊक होते.

सत्याऐंशी साली होळीच्या, शिगम्याच्या तोंडावर गोकुळदास दुकानातच छाती धरून बसला आणि संपला. दोन मुली शाळेत, दुकान बँकेकडे, आणि वर ही म्हापशाची बाई, जी कधी नव्हतीच. महिन्याभरात ती बाई बाजारात हिंडायला लागली. कोणी तिला विधवा केली, कोणी नर्स. सुमंगला भाजी घ्यायला गेली की बायका एकदम गप्प व्हायच्या. नुसते पैसे बुडाले असते तर ती रडून मोकळी झाली असती. पण ह्याने तिच्या माणसाला चितेवरून उतरवून पुन्हा जाळला होता. महादेवाच्या तोंडूनच ते निघाले होते, त्याच्याच तोंडून ते परत आत जायला हवे, हे तिने त्याच आठवड्यात ठरवले.

भावाने सुचवले, देवाकडे गाऱ्हाणे घाल. "देवाला घाई नसते," ती म्हणाली, "बँकेला असते." आणि ती वकिलाकडे गेली.

डिचोलीच्या वकिलाचे नाव केरकर. म्हातारा, तपकीर ओढणारा, पोर्तुगीज काळातले कायदे आणि नंतरचे कायदे दोन्ही एकाच कपाटात ठेवणारा. त्याने आधी सगळे ऐकून घेतले आणि मग एकेक दार लावत गेला.

"तुमचा हक्क पक्का. आपल्या गोव्यात नवऱ्याच्या मिळकतीतला अर्धा वाटा तुमचाच, उरलेला अर्धा मुलींचा. सब-रजिस्ट्रारकडे वारसपत्र करून घेऊ. पण हक्क असून काय, पुरावा? बँकेच्या पुस्तकात पैसे काढले एवढेच दिसते. कुठे गेले ते दिसत नाही. म्हणूनच तर तो म्हापसा म्हणतो."

"मी बघितले ना देताना."

"तुम्ही म्हणाल बघितले, तो म्हणेल नाही. तिसरे कोण होते?"

तिसरा होता दुकानातला फिटर, आणि तो आता महादेवाचाच टिप्पर चालवत होता.

"शिवाय मुदत आहे," वकील म्हणाला. "पैसे दिले त्या दिवसापासून तीन वर्षे. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीआधी दावा पडायला हवा. नंतर देव आला तरी कोर्ट ऐकणार नाही."

सुमंगला उठली नाही. नाकातोंडातून वाफ निघावी तशी तिची अवस्था झाली होती. "म्हणजे तो पचवणार?"

"एकच वाट. मुदत संपायच्या आत त्याने कुठेतरी लिहून, खाली सही करून कबूल करावे, मी देणे लागतो. मग पुरावाही झाला आणि त्या तारखेपासून मुदतही नव्याने सुरू."

"मला कशाला लिहून देईल तो?"

"तुम्हालाच द्यायला हवे असे नाही." केरकराने चिमूट नाकाला लावली. "दुसऱ्या कुणाला लिहिले तरी चालते. सही त्याची हवी, कबुली स्पष्ट हवी, बस."

वकिलाने ते सहज सांगितले, पण ती घरी जाईस्तोवर तेच घोकत गेली.

त्या वर्षी मे महिन्यात गोवा राज्य झाले. डिचोलीत फटाके वाजले. भाषेचा निकाल फेब्रुवारीतच लागला होता, तरी कोकणी की मराठी यावरून हॉटेलात अजून भांडणे पेटत. सुमंगलेला त्यातले काही ऐकू येत नव्हते. तिने मागच्या पडवीत शिलाईचे मशीन मांडले, बँकेचे व्याज कसेबसे भरत राहिली आणि कोरगावकडे कान लावून बसली. वर्ष गेले. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिला हवी ती बातमी आली.

महादेवाचा बाप विठू परब आदल्याच्या आदल्या पावसात गेला होता. कोरगावला त्याची काजूची बाग होती, चांगली वाहती बाग. महादेवाला ती विकायची होती, दुसरा टिप्पर घ्यायला. पण गोव्यात बापाच्या मिळकतीत मुलींना मुलाइतकाच वाटा, आणि बहिणींच्या सहीशिवाय गिऱ्हाईक पुढे येईना. त्याच्या दोन बहिणी. धाकटी गंगा वेंगुर्ल्याकडे दिलेली, गरीब स्वभावाची. थोरली पार्वती मोरजीला. महादेव साडी आणि नारळ घेऊन दोघींकडे फिरत होता.

सुमंगला दुसऱ्या दिवशी मोरजीला गेली.

पार्वती मासळी सुकत घालत होती. सुमंगलेला ती लग्नातून ओळखत होती. तिने हात पुसले, बसायला कदेल पुढे केली आणि स्वतः पायरीवर बसली.

"साडी आणलीन?" सुमंगलेने विचारले.

"आणलीन. तीसुद्धा सेलातली." पार्वती हसली नाही. "बाबा शेवटचे आठ महिने हय होते. माझ्या घोवान त्येंका पाठीर घेऊन दवाखान्यात नेल्यान. महादेव एकदा इलो, तोसुद्धा अंगठ्याचो ठसो मागूक. आता सही मागता."

"देऊ नको."

"मग काय करू?"

"कोर्टात इन्व्हेंतार घाल." गोव्यात मेलेल्याची मिळकत वाटायची असली की हीच रीत, त्यासाठी कुणाला शिकवावे लागत नाही. कोर्ट घरातल्या मोठ्या मुलाला कुटुंबप्रमुख नेमते, तो शपथेवर सांगतो की वारस कोण, जमीन किती, आणि घरावर कर्ज किती. कर्ज आधी वजा होते, उरलेल्याचे वाटे पडतात. "तोच प्रमुख होणार. तुझा भाऊ शपथेवर खोटे कर्ज दाखवल्याशिवाय राहील काय?"

पार्वतीने सरळ विचारले, "तुका ह्यातून काय व्हया गे?"

सुमंगलेने सगळे सांगितले. बारावे, खीर, म्हापसा. पार्वती ऐकत गेली आणि शेवटी तिने पायरीवर इतक्या जोराने हात आपटला की मांजर पळाले. पुढच्या पंधरवड्यात म्हापशाच्या कोर्टात पार्वतीचा अर्ज पडला. आणि सुमंगलेने सांगितले होते तसेच तिने भावाला गोड निरोपही धाडला: बाबांसाठी तू कर्ज काढले असशील तर ते कापून घे, मी आडवी येणार नाही.

आता उरले होते सगळ्यांत कडू काम. सुमंगला कोरगावला महादेवाच्या दारात गेली. घराच्या पुढे तो टिप्पर उभा होता, तिच्या साच्याच्या पैशांचा, बोनेटला झेंडूची माळ घातलेला. ती त्याच्याकडे न बघता आत गेली.

"भावोजी, मी ते सोडले," ती म्हणाली. "वकिलाला दाखवले. तो म्हणतो, कागद नाही तर काही नाही. तुमच्याशी वैर कशाला ठेवू? दोन मुली आहेत मला."

महादेवाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते तिने डोळे भरून पाहून घेतले. पुढे उपयोगी पडणार होते. त्याने बायकोला चहा टाकायला सांगितले. तिची समजूत घातली. मेलेल्या गोकुळदासाला त्याने माफसुद्धा करून टाकले. मग स्वतःच बहिणीवर घसरला.

"कोर्टात नेल्यान माका! सख्ख्या भैणीन!"

"आमच्यातही झाली होती इन्व्हेंतार, सासरे गेले तेव्हा," सुमंगला चहा फुंकत म्हणाली. "थोरल्या दिरांनी सासऱ्यांच्या आजारपणाचे कर्ज दाखवले. ते आधी कापले. नणंदांच्या हातात काय आले, करवंट्या."

महादेवाचा कप खाली आला. "कर्जाक कागद लागता?"

"बहिणींनी मान्य केले तर नाही लागत म्हणे. पण उसने देणारा माणूस खरा हवा. ज्याच्याकडे पैसे होते हे गावाला ठाऊक असेल असा. नाहीतर वकील उलटतपासणीत काढतात सोलून." तिने कप ठेवला आणि पदर सावरला. "जाते. बस चुकेल."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. ती त्याच्यासमोर वाकली होती, त्याचा चहा प्याली होती, त्याने दिलेली माफी तिने खालमानेने ऐकली होती. थिवीच्या घाटीपर्यंत ती दात आवळून बसली होती. मेल्या, तुझ्या तोंडाने तुला गिळीन, असे ती मनात म्हणत होती.

लोभी माणसाला खड्डा दाखवावा लागत नाही, नुसते पलीकडचे खोबरे दाखवले की पुरते. महादेवाला हवा होता असा सावकार जो पैसेवाला होता, जो येऊन "मी दिले नाहीत" म्हणणार नाही, आणि ज्याची माणसे मागायला येणार नाहीत. असा सावकार त्याच्या ओळखीत एकच होता, आणि तो मेलेला होता. त्याच्या वकिलाने विचारले म्हणे, "त्यांचे वारस दावा करणार नाहीत ना?" महादेव म्हणाला, "त्या बायलेन माझ्या घरात येऊन सोडल्यान."

ऑगस्टात, धो धो पावसात, पार्वती डिचोलीला आली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोर्टाची सही-शिक्क्याची नक्कल तिने सुमंगलेच्या मशीनवर ठेवली. दोघी तशाच केरकर वकिलाकडे गेल्या. म्हाताऱ्याने चष्मा चढवला आणि इंग्रजीतले मराठीत सांगत गेला. "वडिलांच्या उपचारासाठी मी माझ्या नावावर डिचोली येथील कैलासवासी गोकुळदास नार्वेकर यांच्याकडून सन एकोणीसशे पंच्याऐंशीमध्ये रुपये चाळीस हजार उसने घेतले. ते अद्याप फेडलेले नाहीत व मी ते देणे लागतो." खाली सही, शपथेवर.

केरकर वकील तपकीर ओढायला विसरला. "सुमंगलाबाई," तो म्हणाला, "मी चाळीस वर्षे वकिली केली. पक्षकाराने पुरावा आणून दिलेला पाहिला. पुरावा पिकवून आणलेला नाही पाहिला."

"दिवाळीला वेळ आहे ना अजून?"

"आता दिवाळीची चिंता नाही. ह्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षे तुमची."

तिने तीन आठवडेही घेतले नाहीत. नोटीस गेली, तिच्यामागून दावा गेला. तिकडे इन्व्हेंतारात पार्वती आणि गंगा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बाबांवर ह्याने दमडी खर्च केली नाही. कर्ज असेल तर ते ट्रकाचे, घराचे नव्हे. दवाखान्याची बिले पार्वतीच्या नवऱ्याच्या नावाची होती, ती तिने कोर्टापुढे ठेवली. कोर्टाने ते कर्ज घरावर धरले नाही. म्हणजे घरावरून ते उतरले आणि महादेवाच्या एकट्याच्या डोक्यावर बसले.

म्हापशाच्या कोर्टाच्या जिन्याखाली महादेवाने तिला गाठले. तो वाळला होता.

"वहिनी, असा काय केलंस? तू सोडलंस म्हणालंस."

"म्हणाले. लिहून कुठे दिले?"

त्याच्या वकिलाने त्याला दोनच वाटा दाखवल्या होत्या. पैसे घेतलेच नाहीत म्हणावे, तर शपथेवर खोटे बोलून बहिणींचा वाटा खायला निघाला होता हे सिद्ध होणार, आणि खोट्या शपथेला तुरुंग आहे. घेतले म्हणावे, तर द्यावे लागणार. तो तडजोडीला तयार झाला. टिप्पर विकून मुद्दल देतो म्हणाला.

"मुद्दल, आणि खटल्याचा खर्च," सुमंगला म्हणाली. "आणि आणखी एक. ते कोर्टाच्या कागदात नसेल, पण ते केल्याशिवाय मी तडजोडीवर सही करणार नाही. शिगम्याआधी ह्यांचे श्राद्ध येते. बाराव्याला जेवढी माणसे होती तेवढ्यांना मी बोलावते. पानावर बसून, त्यांच्यासमोर सांगायचे."

महादेव रडला. तिला जराही दया आली नाही, आणि दया येत नाही याचे वाईटही वाटले नाही.

टिप्पर गेला. बँकेचे कर्ज फिटले, दुकानाचे कागद घरी आले. पण ती रात्रंदिवस वाट बघत होती ती श्राद्धाची. तिने स्वतः जाऊन एकेकाला आवतण दिले. धान्यवाला, सोनार, पोस्टमास्तर, भाजीवालीचा नवरा. सगळे आले. त्याच बाल्कांवात, त्याच ओळीत पाने मांडली. ब्राह्मणांचे जेवण उरकल्यावर पंगत बसली, आणि पुंडलीक शेटच्या शेजारी तिने महादेवाला बसवले.

खीर वाढून झाली. तिने भांडे कमरेवर घेतले आणि उभी राहिली. "बोला, भावोजी."

महादेव पानाकडे बघत बोलला. "गोकुळदासान माका चाळीस हजार दिले होते. टिप्परासाठी. मी खोटा बोललंय."

"आणि म्हापसा?"

"म्हापशाक तो रबर हाडूक जाई. दुसऱ्या कायच नव्हता. ता मी रचलंय."

झाले. दोन वर्षे ती ज्या शब्दांसाठी जगली होती ते शब्द बाल्कांवात पडले. आता कोणी चमकेल, कोणी महादेवाच्या तोंडात मारेल, निदान कोणी "अरे देवा" म्हणेल, म्हणून ती ओळीवरून नजर फिरवत राहिली. सोनार भात कालवत होता. पोस्टमास्तराने लोणचे मागितले. पुंडलीक शेटने तोंडातला घास गिळला आणि मायेने म्हणाला, "जाऊ दे गे बाय, आता मनाक लावून घेऊ नको. आमका सगळ्यांका तेव्हाच ठावक होता. पैसे दिले तेव्हा मी दुकानाच्या दाराभायरच होतंय. म्हापशाचा तर कोण खरा मानी? पण असल्या वेळार तोंड कोण उघडता?"

हाच तो तिसरा माणूस, फिटरशिवायचा. वकिलाने विचारले होते, तिसरे कोण होते. तो दोन घरे सोडून राहत होता, रोज सकाळी तिच्या दारावरून जात होता, आणि आज तिच्या नवऱ्याच्या नावाने जेवत होता. महादेवाने पैशासाठी तोंड उघडले होते. ह्यांनी फुकट बंद ठेवले होते.

तिने खिरीचे भांडे खाली ठेवले.

"उठा," ती म्हणाली.

"काय गे?" पुंडलीक शेटने विचारले.

"सगळे उठा. पानावरून."

श्राद्धाच्या पानावरून अर्ध्या जेवणात उठवणे, याहून मोठा अपमान त्या मुलखात नाही, आणि ते तिला पुरते ठाऊक होते. माणसे एकमेकांकडे बघू लागली. मग सोनार उठला, पोस्टमास्तर उठला, पुंडलीक शेट उष्ट्या हाताने, तोंड उघडे टाकून उठला. त्यांच्याबरोबर महादेवही उठू लागला.

"तू बस," सुमंगला त्याला म्हणाली आणि तिने डाव भरून खीर त्याच्या पानात घातली. "तू निदान बोललास."